परदेशातील नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : 6 जानेवारी 2025

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक, रत्नागिरी
मार्फत : मा. पोलीस निरीक्षक, चिपळूण पोलीस ठाणे

अर्जदार : सुनील विष्णू कदम, वय 34, राहणार पेठमाप, चिपळूण, जि. रत्नागिरी

विषय : ओमानमधील नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मिळणेबाबत
संदर्भ : 30 डिसेंबर 2024 रोजी भरलेला ऑनलाइन अर्ज (शुल्काची पावती सोबत)

महोदय,

मी मेकॅनिकल फिटर असून सध्या लोटे एमआयडीसीत कामाला आहे. ओमानमधील सोहार येथे मेंटेनन्स फिटर म्हणून माझी निवड झाली आहे. नेमणूकपत्रातील अटीनुसार प्रमाणपत्र रुजू होण्याच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आतले लागते आणि मला 15 मार्च 2025 रोजी रुजू व्हायचे आहे. व्हिसासाठी लागणाऱ्या पीसीसीकरिता पासपोर्ट कार्यालयाकडे वेगळा अर्ज केला आहे. त्याचीही चौकशी आपल्याच ठाण्याकडे येईल. दोन्ही अहवालांत तफावत राहू नये, म्हणून खालील माहिती आधीच लेखी देत आहे.

माझ्यावर एक गुन्हा दाखल होता. 12 नोव्हेंबर 2015 रोजी माझ्या मोटारसायकलने झालेल्या अपघाताबद्दल चिपळूण पोलीस ठाण्यात गु.र.नं. 187/2015, भा.दं.वि. कलम 279 व 337 अन्वये नोंद झाली. या खटल्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, चिपळूण यांनी 9 फेब्रुवारी 2018 रोजी माझी निर्दोष मुक्तता केली. निकालाविरुद्ध अपील झालेले नाही. निकालाची प्रमाणित प्रत जोडली आहे. ठाण्याच्या अभिलेखात किंवा सीसीटीएनएसमध्ये हा निकाल चढलेला नसल्यास कृपया या प्रतीवरून नोंद घ्यावी आणि अहवालात नुसता ‘गुन्हा दाखल’ असा शेरा न देता निकाल व त्याची तारीखही लिहावी. अपुऱ्या शेऱ्यामुळे परदेशातील मालक खटला चालू असल्याचे समजतो, आणि तिथे बसून त्याला खुलासा देणे कठीण जाते. याखेरीज माझ्यावर कोणताही गुन्हा, अदखलपात्र तक्रार किंवा प्रतिबंधक कारवाई नाही.

जन्मापासून मी पेठमापलाच राहतो, फक्त जून 2017 ते मार्च 2021 या काळात चाकणच्या कारखान्यात नोकरीला असल्याने भोसरी येथे भाड्याने राहत होतो. 15 ऑगस्ट 2018 रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले; त्याआधी भोसरी पुणे शहर आयुक्तालयात होते. त्यामुळे त्या काळातील अभिलेख तपासायचा झाल्यास दोन्हीकडे विचारणा करावी लागेल. भोसरीच्या खोलीचा भाडेकरार 22 जुलै 2021 च्या महापुरात घरातील इतर कागदांसह भिजून नष्ट झाला. त्याऐवजी त्या काळातील भविष्य निर्वाह निधीचा उतारा आणि भोसरीचा पत्ता असलेले बँक पासबुक जोडत आहे.

नावाबाबत : पासपोर्टवर माझे नाव वडिलांच्या नावासह पूर्ण आहे, आधारवर मात्र वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर आहे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र दिले आहे. प्रमाणपत्रावर पासपोर्टवरीलच रोमन स्पेलिंग आणि पासपोर्ट क्रमांक यावा, ही विनंती. एका अक्षराचा फरक पडला तरी प्रमाणपत्र नव्याने काढावे लागते.

प्रमाणपत्र इंग्रजीत मिळावे. त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांचे नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा शिक्का स्पष्ट वाचता येईल असा असावा, कारण पुढे राज्याच्या गृह विभागाचे प्रमाणीकरण व त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल घ्यायचा आहे. त्यासाठी लागणारा वेळ धरून प्रमाणपत्र 31 जानेवारीपर्यंत मिळाल्यास मी वेळेत रुजू होऊ शकेन.

घरी चौकशीसाठी येणाऱ्या अंमलदारांना मी सोमवारी दिवसभर आणि इतर दिवशी सायंकाळी 6 नंतर भेटेन. एरवी आई घरी असते. जबाब देण्यास दोन शेजारी तयार आहेत. ते दोघेही मला लहानपणापासून ओळखतात. ठाण्यात बोलावल्यास सर्व मूळ कागदपत्रे घेऊन हजर राहीन.

सोबत : ऑनलाइन अर्जाची प्रत व पावती, नेमणूकपत्र, पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत, आधार, दहावीची गुणपत्रिका, पेठमापच्या घराची चालू वर्षाची घरपट्टी पावती (वडिलांच्या नावे), रेशनकार्डाची दुय्यम प्रत, निकालाची प्रमाणित प्रत, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, बँक पासबुक, नावाबाबतचे प्रतिज्ञापत्र आणि पासपोर्ट आकाराचे 4 फोटो. सर्व प्रतींवर मी स्वतः सही केली आहे.

वरील माहिती खरी आहे. ती खोटी आढळल्यास प्रमाणपत्र रद्द होईल आणि मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन, याची मला जाणीव आहे.

आपला विश्वासू,
(सही)
सुनील विष्णू कदम
स्थळ : चिपळूण