किल्लीसोबत एक कागद

गाडी तयार आहे. ऑइल बदललं, ब्रेक-शू नवे बसवले, टायरची नक्षी आणि हवा पाहिली, हेडलाइट खाली केला. तो आजवर समोरच्याच्या डोळ्यांत जात होता. हे सगळं बिलावर लिहिलेलं आहे. या कागदावर आहे ते बिलात धरलेलं नाही.

गोव्यातल्या साखळी गावात गाड्या दुरुस्त करायला लागून मला एकवीस वर्षं झाली. सर्व्हिसिंगला येणाऱ्या गाड्यांवर हेल्मेट कुठे असतं, हे मी न बघता सांगतो: आरशाला, नाहीतर डिकीत छत्री आणि रेनकोटाच्या खाली. आणि विचारलं की उत्तर एकच, "हांगाच वचून येतां." म्हणजे इथेच तर जाऊन येतो.

हा "हांगाच" माझ्याही तोंडी होता. तीन वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या दिवशी बाजारातून घरी निघालो. गणपतीच्या माटोळीचं सामान हँडलला, नारळ पायांत, वेग वीसच्या आसपास. ओळखीचं वळण, रोज दोनदा जातो तेच. डोंगरावरून पावसाने लाल माती रस्त्यावर आणून टाकली होती आणि तिच्यावर पुढचं चाक सरकलं. नारळ गटारात, मी डाव्या कुशीवर, आणि डोकं काँक्रीटच्या कट्ट्यावर. त्या दिवशी हेल्मेट घातलं होतं ते केवळ हातात जागा नव्हती म्हणून. खोटं कशाला सांगू!

ते हेल्मेट गॅरेजात कॉम्प्रेसरच्या वर खिळ्याला टांगलेलं आहे. काढून हातात घ्या. डाव्या कानाच्या वर बोटभर लांब ओरखडा आहे, त्यात अजून माती भरलेली आहे. मग आतलं स्पंज बाजूला करा आणि त्याच जागी अंगठा फिरवा. थर्माकोल दबून वाटीसारखा खड्डा झालाय. तो खड्डा माझ्या डोक्यात पडायचा होता.

हेल्मेटचं काम एवढंच. बाहेरचं कवच मार पसरवतं, आतला थर्माकोल स्वतः चेचला जातो आणि डोक्याला थांबायला दोन-अडीच सेंटिमीटर जागा देतो. उघड्या कवटीला ती जागा मिळत नाही. हाड जागच्या जागी थांबतं, आतला मेंदू मात्र पुढे जाऊन आपटतो. म्हणून तर वरून साधं खरचटलेलं असतं आणि माणूस तासाभराने बरळायला लागतो.

वेगाचा हिशोब मी असा करतो. ताशी २० किलोमीटरने डोकं कट्ट्यावर किंवा खांबावर आपटलं, तर ते पाच फुटांवरून खाली पडल्याइतकं. ४० ने आपटलं तर वीस फुटांवरून. वेग दुप्पट, उंची चौपट. डिचोलीच्या रस्त्यावर ४० म्हणजे आपल्याला रांगल्यासारखं वाटतं, पण वीस फुटांवर माडाला मिठी मारून बसलेल्या पाडेल्याकडे बघा आणि तिथून डोक्यावर पडायचं मनात आणा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे नीट घातलेलं हेल्मेट डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि जीव जाण्याचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी करतं. शंभर टक्के कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण बॅटरीच्या किमतीत शंभर रुपये सुटावेत म्हणून माझ्याशी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस इतकी सूट सोडून का देतो, हे मला कळत नाही.

यातला "नीट घातलेलं" हा शब्द महत्त्वाचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं. घरी एकदा करून बघा: पट्टा लावा, मान खाली घाला आणि कोणालातरी मागून हेल्मेट वर पुढे ढकलायला सांगा. निघालं तर साइज मोठी आहे किंवा पट्टा सैल आहे. पट्टा आणि हनुवटीच्या मध्ये दोन बोटं जावीत, तीन नकोत. नवीन घेताना गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. महिन्याभरात स्पंज बसतं. मागे आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा नंबर बघा. रस्त्याच्या कडेला मिळते ती अर्धी टोपी पोलिसाला लांबून फसवायला बरी, कट्टा फसत नाही.

गरम होतं, हे खरं आहे. एप्रिलात सिग्नलला थांबलं की कानामागून घाम उतरतो. आतून सुती रुमाल बांधा, स्पंज निघत असेल तर आठवड्याने शाम्पूने धुऊन सावलीत वाळवा. वासाची अर्धी तक्रार तिथेच संपते. पावसात काच धुक्याने भरली तर किंचित उघडी ठेवा. काचेवर फार ओरखडे असतील तर मात्र ती बदलाच. रात्री समोरच्या ट्रकचा दिवा त्या ओरखड्यांत फाटतो आणि रस्त्यात बसलेली गाय दिसत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात गुरं कोरड्या डांबरावरच बसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आरशाला हेल्मेट टांगू नका, आरशाच्या टोकाने आतला थर्माकोल दबतो. पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नका, कवच कमकुवत होतं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून कितीही चांगलं दिसलं तरी, परत घालू नका. थर्माकोल एकदाच चेचला जातो.

मागे बसणाऱ्यांचं काय? ते पडतात त्याच रस्त्यावर. मागच्या सीटवर वहिनी, मांडीवर पिशवी, डोक्यावर काही नाही आणि पुढे साहेब हेल्मेट घालून, असं दृश्य रोज दिसतं. मला त्याचं हसूही येतं आणि रागही. कायद्यातही चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, चालवणारा असो वा मागे बसणारा. दंड १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स बंद. तेवढ्या पैशांत साधं आयएसआय हेल्मेट येतं. स्कूटरवर पुढे उभं केलेलं पोर तर ब्रेक मारल्यावर सगळ्यात आधी हँडलवर जातं. त्याला मागे बसवा, त्याच्या मापाचं हेल्मेट द्या. मोठ्यांचं हेल्मेट लहान डोक्यावर घंटेसारखं हलतं, त्याचा उपयोग नाही.

काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं असलेल्या रेंटच्या गाड्यांवरच्या पर्यटकांना आपण नावं ठेवतो, ते ठेवूया. पण मोटारसायकलवरून भाडं मारणारा पणजीचा पायलट दिवसभर त्याच उन्हात, त्याच ट्रॅफिकमध्ये असतो आणि हेल्मेट घालून असतो. पोट रस्त्यावर असलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

गाडी न्यायला येताना हेल्मेट घेऊन या. पट्ट्याचं कुलूप तुटलं असेल तर बदलून देतो, काच बसवून देतो, मजुरी नाही, फक्त सामानाचे पैसे. विसरलात तर काउंटरमागच्या फळीवर दोन नवीन आहेत, एक मध्यम, एक मोठं. घालून जा, उद्या कामावर जाताना परत ठेवा. चवथीच्या आठवड्यात दुकान दोन दिवस बंद आहे, तेव्हा मात्र मंगळवारी आणून दिलंत तरी चालेल.