औषधाची चिठ्ठी कशी लिहावी: सांगली-मिरज परिसरात आंतरवासितेसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

चिठ्ठी लिहिणाऱ्याला तिचा अर्थ ठाऊकच असतो. ती वाचायची असते मेडिकलमधल्या माणसाने आणि रुग्णाच्या घरच्यांनी. जत किंवा अथणीकडून बाह्यरुग्ण विभागात आलेला रुग्ण औषधे बहुधा गावाकडच्या दुकानातून घेतो आणि तिथून कोणी तुम्हाला फोन करून अर्थ विचारेल, याची खात्री नसते.

चिठ्ठीच्या माथ्यावर डॉक्टरचे नाव, पदवी, पत्ता व नोंदणी क्रमांक असावा. त्याखाली तारीख आणि रुग्णाचे पूर्ण नाव, वय, लिंग, पत्ता लिहावा. लहान मुलांचे वजन न लिहिता औषध लिहू नये. ॲलर्जी असल्यास ती ठळक लिहावी, आणि नसल्यास ‘माहीत असलेली ॲलर्जी नाही’ असे लिहावे, कारण कोरी जागा पाहून प्रश्न विचारला होता की नाही, हे कळत नाही. त्यानंतर येणारी ‘आरएक्स’ ही खूण ‘घ्या’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आली आहे. तिच्याखाली प्रत्येक औषधाचा प्रकार, जेनेरिक नाव, ताकद, एका वेळची मात्रा, देण्याचा मार्ग, वेळा, किती दिवस आणि एकूण नग हा क्रम पाळावा. जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2016 च्या दुरुस्तीत म्हटले आहे. शेवटी सही. शेड्यूल एक्समधील औषधांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते व त्यातील एक प्रत विक्रेता दोन वर्षे जपून ठेवतो.

ताकद का लिहायची, हे एका उदाहरणाने कळेल. तीन वर्षांचे, 12 किलो वजनाचे मूल तापाने आले आहे. पॅरासिटामॉल प्रतिकिलो 15 मिलिग्रॅमप्रमाणे 180 मिलिग्रॅम येते. बाजारात 5 मिलिलिटरमध्ये 125 आणि 250 मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरपे मिळतात, म्हणून ‘सिरप एक चमचा’ एवढेच लिहिले तर कोणती बाटली हाती पडली त्यावर मात्रा दुप्पट किंवा निम्मी ठरते; शिवाय घरातला चमचा किती मोठा, हे कोणी पाहिले आहे? तीच नोंद अशी असावी:

‘सिरप पॅरासिटामॉल, 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम. एका वेळी 3.6 मिलिलिटर, मोजमापाच्या सिरिंजने, तोंडाने. ताप असेल तरच, दोन मात्रांत किमान 6 तासांचे अंतर, दिवसात 4 पेक्षा जास्त वेळा नाही, 3 दिवस. 60 मिलिलिटरची 1 बाटली. तीन दिवसांत ताप न उतरल्यास किंवा मूल मलूल झाल्यास लगेच आणावे.’

नुसते ‘एसओएस’ लिहिले असते तर केव्हा, किती वेळा आणि कशासाठी, हे तिन्ही प्रश्न तसेच राहिले असते.

संक्षेपांपैकी इन्सुलिनसाठीचा ‘यू’ सर्वात घातक, कारण घाईत लिहिलेले ते अक्षर शून्यासारखे दिसते आणि 4 युनिटचे 40 होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्णच लिहावा. ‘क्यूडी’ आणि ‘क्यूओडी’ यांत रोज व एकाआड एक दिवस एवढा फरक आहे आणि मधले एकच अक्षर पुसट झाले तरी तो नाहीसा होतो. आपल्याकडे ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, पण नेत्रविभागात तेच उजव्या डोळ्यासाठी वापरतात. मायक्रोग्रॅमची ग्रीक खूण मिलिग्रॅमसारखी वाचली गेली तर थायरॉक्सिनची मात्रा हजारपट होते. 0.5 ऐवजी .5 लिहू नये, आणि 5 ऐवजी 5.0 तर मुळीच नको. ‘1-0-1’ ही आपल्याकडची पद्धत दुकानदारांना कळते, पण रुग्णासाठी शेजारी ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ असे मराठीत लिहावे. सीमेवरून आलेल्या कानडी रुग्णाला ते वाचता येणार नाही, तेव्हा दुभाष्याकडून सांगून घ्यावे आणि रुग्णाकडूनच परत वदवून घ्यावे.

मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच देतात. ते कोणी रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून ‘दर सोमवारी’ असा वार लिहून ‘रोज घेऊ नये’ हेही जोडावे.

फेरतपासणीच्या वेळी ‘सर्व गोळ्या पूर्ववत’ असे लिहिण्याची सवय मलाही इंटर्न असताना होती. एकदा एका आजोबांनी पिशवी उलटी केली, तेव्हा रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी निघाली आणि ते दोन्ही घेत होते. तेव्हापासून मी पिशवी पाहिल्याशिवाय लिहीत नाही. ऊसतोडीला निघालेल्या मजुराला पाच दिवसांची चिठ्ठी देऊन ‘पुन्हा या’ म्हणण्यात अर्थ नसतो. दीर्घकालीन आजाराचे औषध त्याच्या परतीचा हिशेब करून द्यावे.

वॉर्डातील ऑर्डरवर तारखेसोबत वेळही लिहावी. फोनवर दिलेली ऑर्डर सिस्टरांनी परत वाचून दाखवल्यावरच पक्की धरावी आणि नंतर तिच्यावर सही करावी. चूक झाल्यास खाडाखोड न करता तिच्यावर एक रेघ मारून बाजूला आद्याक्षरे व वेळ लिहावी, आणि शेवटच्या औषधाखालच्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ ओढावी, म्हणजे तिथे आणखी काही घुसडता येत नाही.