रक्तदान शिबिर, मालवण : स्वयंसेवकांची पूर्वतयारी बैठक

रविवार, 14 जून 2026 रोजी, जागतिक रक्तदाता दिनी, आपल्या मंडळाचं शिबिर आहे. त्याआधी शनिवार, 6 जूनला संध्याकाळी 4 वाजता शाळेच्या सभागृहात सर्व स्वयंसेवकांची बैठक होईल. दीड तास लागेल. गेल्या वर्षी काम केलेल्यांनीही यायचं आहे.

तारीख मुद्दाम जूनमधली घेतली आहे. 1 जूनपासून मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, खलाशी घरी. शिवाय पावसात लेप्टो-डेंगीचे रुग्ण वाढले की प्लेटलेट लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात.

शिबिराच्या पाळ्या अशा:
पहिली – सकाळी 7.30 ते 11.30
दुसरी – 11 ते 3
तिसरी – 2.30 ते 6 (आवराआवर धरून)

मधला अर्धा तास काम हातात देण्यासाठी आहे, बदली माणूस येईपर्यंत जागा सोडू नये. रक्तदान 9 ते 4 चालेल. रक्तपेढीचं पथक ओरोसहून 8 वाजता येईल, त्यांचं सामान उतरवायला पहिल्या पाळीतले चौघे हवेत.

हजेरी शाळेच्या मागच्या फाटकाजवळ, निळ्या ताडपत्रीच्या मांडवात. पुढच्या फाटकातून फक्त रक्तदाते येतील. पाळीच्या दहा मिनिटं आधी या, सही करा, बिल्ला घ्या.

कामं चार : नोंदणी, रांग, विश्रांती कक्ष, अल्पोपाहार. नोंदणीवाल्यांनी वय (18 ते 65), किमान 45 किलो वजन आणि मागच्या रक्तदानाची तारीख पाहायची. पुरुषांना 90 दिवस, महिलांना 120 दिवस झालेले हवेत. आजारपणाचे प्रश्न डॉक्टर विचारतील, आपण नाही. फॉर्मवरचं काहीही बाहेर बोलायचं नाही. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली म्हणून कोणी परत निघालं, तर त्या व्यक्तीला सरबत देऊन, दोन शब्द बोलून मगच निरोप द्या. ती रक्त द्यायला आली होती, हे विसरू नका.

विश्रांती कक्षाला माझ्या मते सर्वात जबाबदार माणसं हवीत. गेल्या वर्षी एक धट्टाकट्टा खलाशी "माका काय एक होऊक नाय" म्हणत लगेच उठला आणि दारापर्यंत जाऊन कोसळला. जवळच्या मुलीने त्याला आडवं करून पाय खुर्चीवर ठेवले आणि डॉक्टरांना हाक मारली. हे सगळ्यांनाच जमायला हवं, म्हणून बैठकीत ते प्रत्यक्ष करून पाहू. रक्त दिल्यावर किमान 15 मिनिटं कोणालाही उठू द्यायचं नाही, मग कोकम सरबत आणि बिस्किटं.

स्वयंसेवकांनाही रक्त द्यायचं असेल, तर पहिली किंवा दुसरी पाळी घ्या आणि ती संपल्यावर द्या, कारण तिसरी संपेपर्यंत रक्तदान बंद झालेलं असेल. पोटभर जेवून या, उपाशी नको.

पाऊस असणारच. छत्री, न घसरणारी चप्पल आणि फॉर्म झाकायला प्लास्टिकची पिशवी सोबत ठेवा. पाळी आणि काम गुरुवार, 4 जूनपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कळवा. तिसऱ्या पाळीला अजून सहा जण कमी आहेत.