पुणे येथील मे. जिल्हा न्यायाधीश (व्यावसायिक न्यायालय) यांचे न्यायालयात लवाद निवाडा रद्द करण्यासाठी अर्ज

लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ३४ अन्वये

श्री. वामन रघुनाथ देवस्थळे, वय ५४ वर्षे, धंदा शेती व शीतगृह, रा. नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे … अर्जदार (मूळ प्रतिवादी)

विरुद्ध

श्री. मोहन केशव आष्टीकर, वय ४९ वर्षे, धंदा बांधकाम ठेकेदार, रा. पुणे … सामनेवाला (मूळ दावेदार)

अर्जदार नम्रपणे विनंती अर्ज सादर करतो, तो येणेप्रमाणे :

१. नारायणगाव येथील द्राक्षांच्या शीतगृहाचे बांधकाम करण्यासाठी उभयतांमध्ये दिनांक ६ फेब्रुवारी २०२१ रोजी लेखी करार झाला. कामाची अंदाजित किंमत १,६२,००,००० रुपये होती आणि प्रत्यक्ष मोजमापानुसार, अनुसूचीतील दराने देयक द्यावयाचे होते. काम ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत पूर्ण व्हावयाचे होते, ते ऑगस्ट २०२२ मध्ये संपले. अंतिम देयकावरून वाद झाल्यावर करारातील खंड १७ नुसार उभयतांच्या संमतीने एकल लवाद म्हणून एका निवृत्त अभियंत्यांची नेमणूक झाली. त्यांच्या नेमणुकीविषयी किंवा निःपक्षपातीपणाविषयी अर्जदाराची तक्रार तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

२. लवादांनी दिनांक १० ऑक्टोबर २०२४ रोजी निवाडा देऊन तीन मागण्या मंजूर केल्या : अंतिम देयकापोटी १४,२०,००० रुपये, भाववाढीपोटी १६,७५,००० रुपये आणि पोचरस्ता व संरक्षक भिंतीपोटी ६,९०,००० रुपये. अर्जदाराचा विलंबाच्या नुकसानभरपाईचा ४,००,००० रुपयांचा प्रतिदावा फेटाळला. सदर निवाड्याची सही असलेली प्रत निशाणी अ, करार निशाणी ब व लवादांसमोरील रोजनाम्याची प्रत निशाणी क म्हणून सोबत जोडली आहे.

अधिकारक्षेत्र

३. खंड १७ प्रमाणे लवादाचे स्थान पुणे हे ठरलेले आहे व सर्व बैठका पुण्यातच झाल्या. वाद बांधकाम करारातून उद्भवलेला असून त्याचे मूल्य ३,००,००० रुपयांहून अधिक आहे. त्यामुळे व्यावसायिक न्यायालये अधिनियम, २०१५ च्या कलम १०(३) अन्वये हा अर्ज चालविण्याचा अधिकार या मे. न्यायालयास आहे. या लवाद कराराच्या संदर्भात यापूर्वी कोणत्याही न्यायालयात कोणताही अर्ज दाखल झालेला नाही.

मुदत

४. मुदतीचा मुद्दा अर्जदार सुरुवातीलाच सविस्तर मांडत आहे, कारण कलम ३४(३) मधील तीन महिने व त्यावरील जास्तीत जास्त तीस दिवस ही मर्यादा ओलांडल्यावर विलंब माफ करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास उरत नाही. "परंतु त्यानंतर नाही" या त्या कलमातील शब्दांमुळे मुदत अधिनियम, १९६३ चे कलम ५ येथे लागू होत नाही, हे मा. सर्वोच्च न्यायालयाने युनियन ऑफ इंडिया विरुद्ध पॉप्युलर कन्स्ट्रक्शन कंपनी (२००१) या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

५. घटनाक्रम असा आहे. दिनांक ११ ऑक्टोबर २०२४ रोजी लवादांच्या कार्यालयातून अर्जदाराच्या वकिलांना निवाड्याचा मजकूर ईमेलने आला. त्याच्या शेवटच्या पानावर सहीची जागा कोरी होती. लवादांची सही असलेली प्रत अर्जदारास स्वतःला नोंदणीकृत टपालाने दिनांक २१ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाली, त्याची टपाल पोच व लिफाफा निशाणी ड म्हणून जोडला आहे. निवाड्यात तिन्ही मागण्यांची बेरीज ३८,७५,००० रुपये अशी लिहिली होती, वास्तविक ती ३७,८५,००० रुपये होते. हे अंक उलटसुलट पडले असल्याने अर्जदाराने दिनांक ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे प्रत मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, कलम ३३ खाली अर्ज केला. लवादांनी तो दिनांक २ डिसेंबर २०२४ रोजी मंजूर करून बेरीज दुरुस्त केली (निशाणी इ).

६. कलम ३४(३) नुसार, कलम ३३ खाली विनंती केलेली असल्यास मुदत त्या विनंतीचा निकाल लागल्याच्या तारखेपासून मोजावयाची असते. तो दिवस वगळता तीन कॅलेंडर महिने दिनांक २ मार्च २०२५ रोजी संपतात. हा अर्ज आज दिनांक १७ जानेवारी २०२५ रोजी दाखल होत आहे. कलम ३३ खालील अर्ज केवळ मुदत वाढवून घेण्यासाठी केला होता असा आक्षेप सामनेवाल्याकडून येऊ शकतो. परंतु ९०,००० रुपयांची चूक लवादांनी स्वतः मान्य करून दुरुस्त केली आहे, आणि तो अर्ज क्षणभर बाजूला ठेवला तरीही २१ ऑक्टोबर २०२४ पासूनचे तीन महिने २१ जानेवारी २०२५ रोजी संपत असल्याने अर्ज मुदतीतच ठरतो.

७. राहता राहिली ११ ऑक्टोबरची तारीख. कलम ३१(५) प्रमाणे सही असलेली प्रत प्रत्येक पक्षकारास द्यावयाची असते, आणि अशी प्रत पक्षकाराच्या हाती पडल्यापासूनच मुदत सुरू होते, हे महाराष्ट्र शासन विरुद्ध ए.आर.के. बिल्डर्स (२०११) या निकालाने ठरलेले आहे. वकिलांना आलेला सहीविना मजकूर म्हणजे अशी प्रत नव्हे. तथापि ती तारीख धरली तर ११ जानेवारी २०२५ नंतर सहा दिवसांचा विलंब दिसेल. हा विलंब कमाल तीस दिवसांच्या आतला असल्याने, केवळ सावधगिरी म्हणून आणि विलंब झाल्याचे मान्य न करता, विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज सोबत दिला आहे.

निवाडा रद्द करण्याची कारणे

८. हे न्यायालय लवादांच्या निष्कर्षांवर अपील ऐकत नाही, याची अर्जदारास पूर्ण जाणीव आहे. साक्षीदारांवर किती विश्वास ठेवावा, पायाच्या खोदकामाचा दर योग्य होता की नाही, यांबाबत अर्जदाराचा मतभेद असला तरी ते मुद्दे येथे घेतलेले नाहीत. निवाडा कलम २९अ मधील मुदतीत झाला असल्याने तोही आक्षेप नाही. खालील कारणे कलम ३४(२) व ३४(२अ) यांच्या चौकटीत बसणारी आहेत, आणि ती लवादांसमोरील अभिलेखावरूनच दिसून येतात.

९. पहिले कारण, कलम ३४(२)(अ)(iii) : अर्जदारास आपली बाजू मांडता आली नाही. लवादांनी शनिवार दिनांक २२ जून २०२४ रोजी शीतगृहास भेट देऊन मापे घेतली. त्या वेळी सामनेवाल्याचा अभियंता हजर होता. अर्जदारास किंवा त्याच्या वकिलांना कसलीही पूर्वसूचना नव्हती. भेट झाल्याचे प्रथम कळले ते २५ जूनच्या रोजनाम्यातील "स्थळपाहणी केली, दावेदारातर्फे अभियंता हजर" या एका ओळीतून. कलम २४(२) प्रमाणे मालमत्तेच्या पाहणीसाठीच्या बैठकीची पुरेशी आगाऊ सूचना देणे, व कलम २४(३) प्रमाणे लवाद ज्यावर विसंबून राहणार तो पुरावा दोन्ही पक्षांना कळविणे बंधनकारक आहे. अर्जदाराने दिनांक १ जुलै २०२४ रोजी लेखी हरकत घेतली व मापांची टिपणे मागितली, म्हणजे हरकत सोडून दिली असेही म्हणता येणार नाही. त्यावर "योग्य वेळी विचार करू" असा शेरा झाला. ती वेळ आलीच नाही.

१०. या पाहणीचा परिणाम निवाड्याच्या परिच्छेद ४१ मध्ये थेट उतरला आहे. उभय पक्षांच्या सह्या असलेल्या मोजमाप पुस्तकात उष्णतारोधक पॅनेलच्या भिंतींचे क्षेत्रफळ ९६२ चौरस मीटर नोंदलेले असताना, लवादांनी "स्थळपाहणीत दिसून आलेल्या मापांनुसार" ते ११४० चौरस मीटर धरले. १७८ चौरस मीटरचा फरक ३,४०० रुपये दराने ६,०५,२०० रुपये होतो. दरवाजांची उघडझाप असलेला भाग वजा केला की नाही, बाहेरील बाजू मोजली की आतील, हे अर्जदार तेथे असता तर जागेवरच दाखवू शकला असता. त्याच परिच्छेदात आणखी तीन बाबींची मापे पाहणीवरून घेतल्याचे म्हटले आहे, परंतु कोणत्या बाबीत किती हे दिलेले नसल्याने पहिल्या मागणीचा बाधित व अबाधित भाग वेगळा काढता येत नाही. यामुळे कलम १८ मधील समान वागणुकीचा व पूर्ण संधीचा हक्क डावलला गेला.

११. दुसरे कारण, कलम ३४(२)(अ)(iv) : लवादाकडे न सोपविलेल्या वादावर निर्णय. खंड १७ "या कराराच्या अनुसूचीतील कामांबाबत" उद्भवणाऱ्या वादांपुरताच आहे. पोचरस्ता व संरक्षक भिंत हे काम दिनांक १२ मार्च २०२२ च्या स्वतंत्र कार्यादेशाने दिले होते, आणि त्यात वाद जुन्नर येथील दिवाणी न्यायालयात नेण्याचे लिहिलेले आहे. अर्जदाराने बचावाच्या निवेदनातच ही हरकत घेऊन कलम १६ खाली अर्ज केला होता. तो १४ नोव्हेंबर २०२३ रोजी फेटाळला गेला, व कलम १६(६) प्रमाणे ती हरकत आता येथे घेता येते. दोन्ही कामे एकाच आवारात झाली म्हणून दोन करारांचा एक करार होत नाही.

१२. तिसरे कारण, कलम ३४(२अ) : निवाड्याच्या दर्शनी भागावरच दिसणारा उघड बेकायदेशीरपणा. करारातील खंड ९ असा आहे : "दर काम पूर्ण होईपर्यंत कायम राहतील; पोलाद, सिमेंट, इंधन अथवा मजुरीच्या वाढीमुळे कोणतीही जादा रक्कम देय होणार नाही." निवाड्याच्या परिच्छेद ३३ मध्ये हा खंड शब्दशः उद्धृत केला आहे, आणि लगेच पुढच्या वाक्यात भाव वाढल्याचे सर्वश्रुत असल्याने "दावेदारास त्याचा फटका बसू देणे न्याय्य ठरणार नाही" असे म्हणून १६,७५,००० रुपये मंजूर केले आहेत. ही खंडाचा दुसरा अर्थ लावण्याची बाब असती तर अर्जदाराने येथे येण्याचे कारण नव्हते. येथे अर्थ लावलेलाच नाही, खंड बाजूला सारला आहे. कलम २८(३) प्रमाणे लवादांनी कराराच्या अटी विचारात घेतल्या पाहिजेत, आणि कलम २८(२) प्रमाणे केवळ न्याय्यतेच्या भावनेवर निर्णय देण्यासाठी पक्षकारांची स्पष्ट संमती लागते, जी येथे कधीही दिलेली नव्हती. सँगयाँग इंजिनिअरिंग विरुद्ध राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण (२०१९) या निकालात मान्य झालेल्या उघड बेकायदेशीरपणाच्या मर्यादित व्याख्येतही हा दोष बसतो.

१३. प्रतिदावा "सिद्ध झाला नाही" एवढ्या तीन शब्दांत फेटाळला आहे. आठ महिन्यांहून अधिक विलंबाची नोंद निवाड्यात इतरत्र असताना या निष्कर्षास एकही कारण दिलेले नाही, म्हणून कलम ३१(३) चाही भंग झाला आहे.

पूर्वसूचना व स्थगिती

१४. कलम ३४(५) प्रमाणे सामनेवाल्यास दिनांक ६ जानेवारी २०२५ रोजी नोंदणीकृत टपालाने पूर्वसूचना दिली, ती ९ जानेवारी रोजी पोचली. त्याबाबतचे शपथपत्र जोडले आहे. केवळ हा अर्ज दाखल झाल्याने अंमलबजावणी थांबत नसल्याने कलम ३६(२) व (३) खाली स्थगितीचा अर्ज स्वतंत्रपणे दिला आहे. नियमाप्रमाणे न्यायालय शुल्क भरले आहे.

विनंती

१५. सबब विनंती की,

(अ) दिनांक १० ऑक्टोबर २०२४ चा व २ डिसेंबर २०२४ रोजी दुरुस्त झालेला लवाद निवाडा रद्द करण्यात यावा;

(ब) पर्यायी, संपूर्ण निवाडा रद्द करणे योग्य न वाटल्यास, स्वतंत्रपणे वेगळा काढता येणारा भाववाढीचा व पोचरस्ता-संरक्षक भिंतीचा भाग आणि त्यावरील व्याज रद्द करण्यात यावे. कोणत्याही रकमेच्या जागी दुसरी रक्कम ठरवून द्यावी अशी अर्जदाराची मागणी नाही;

(क) कलम ३४(६) लक्षात घेऊन अर्ज एक वर्षाच्या आत निकाली काढावा;

(ड) अर्जाचा खर्च सामनेवाल्याकडून देवविण्यात यावा व न्यायास योग्य ते इतर हुकूम व्हावेत.

पुणे
दिनांक १७ जानेवारी २०२५

अर्जदार — वामन रघुनाथ देवस्थळे
अर्जदारातर्फे वकील

सत्यापन

मी, वामन रघुनाथ देवस्थळे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, वरील अर्जातील परिच्छेद १, २, ५, ९ व १४ मधील वस्तुस्थिती माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे व जवळील कागदपत्रांप्रमाणे खरी आहे; परिच्छेद १०, ११, १२ व १३ मधील मजकूर लवादांच्या अभिलेखावरून घेतला आहे; आणि उर्वरित परिच्छेदांतील कायदेशीर प्रतिपादन मला मिळालेल्या सल्ल्यावर आधारित असून ते खरे असल्याचा माझा विश्वास आहे. कोणतीही महत्त्वाची बाब लपवून ठेवलेली नाही. सदरचे सत्यापन पुणे येथे दिनांक १७ जानेवारी २०२५ रोजी केले असे.

सही — वामन रघुनाथ देवस्थळे