शाडूचा गणपती घरी घडवताना : चित्रफितीची संहिता

०:०० ते १:३० (समीपदृश्य : माती मळणारे तळवे)
निवेदन : नमस्कार. वीतभर उंचीच्या मूर्तीसाठी शाडू थोडे थोडे पाणी घालून मळावा आणि तो बोटांना चिकटेनासा झाला, तसेच दुमडल्यावर त्याला भेग पडेनाशी झाली, की थांबावे.

१:३० ते ३:०० (वरून दृश्य)
पाट, आसन, पोट आणि मांड्या क्रमाने बसवाव्यात.

३:०० ते ७:०० (अंगठ्याचे अतिसमीप दृश्य, येथे चित्रण घाईने कापू नये)
सोंड नुसती चिकटवली तर वाळताना हमखास सुटते. म्हणून दोन्ही पृष्ठभागांवर कोरणीने आडव्या-उभ्या रेघा ओढून, त्यांवर पातळ कालवलेली माती लावावी, मग सोंड दाबून बसवावी आणि अंगठ्याने सांधा चेहऱ्याकडे पुसत न्यावा. कान व हात याच रीतीने जोडावेत. डोळे मात्र शेवटी कोरावेत, कारण हाताळताना तेच आधी बिघडतात.

७:०० ते ८:००
मूर्ती सावलीतच वाळवावी, उन्हात ती तडकते. रंगासाठी हळद आणि गेरू पुरेसे आहेत. तैलरंग व चमकी टाळावी.

८:०० ते ९:३० (समीपदृश्य : बादलीत मूर्ती सोडणारे हात)
विसर्जनापूर्वी हार, वस्त्रे आणि दागिने उतरवून निर्माल्य वेगळे ठेवावे. मूर्ती पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात ती सोडावी, न ढवळता विरघळू द्यावी. गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी झाडांना घालावे. रंग न लावलेली माती वाळवून पुढच्या वर्षी पुन्हा मळता येते.