‘ळ’चा तास

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी बाईंचा हात सकाळी खडूच शोधायचा. सांगलीच्या गावभागातल्या घरात त्या डब्याला टेकवून फोन उभा करत. पंखा बंद, नाहीतर आवाजात घरघर येते. पहिला धडा पुण्यातल्या नातीसाठी होता. भाच्याने तो सगळ्यांना बघता येईल असा ठेवला.

महिन्याभराने मॉरिशसहून एका मुलीचा निरोप आला. तिचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेले. ‘आजी मराठी बोलायची. मला ळ जमत नाही.’

बाई थबकल्या. ऊस तर इथंही दारापर्यंत येतो!

दुसऱ्या दिवशी फक्त ‘ळ’. जिभेचं टोक मागे वळवायचं, टाळूला लावायचं आणि झटकन पुढे सोडायचं. फळ्यावर जोड्या लिहिल्या: वेल आणि वेळ, काल आणि काळ, कल आणि कळ. प्रत्येक शब्द तीनदा, मध्ये थांबून, म्हणजे पलीकडच्याला म्हणायला सवड मिळते. हे थांबणं त्यांनी पहिलीच्या वर्गात कमावलं होतं.

मग टोरांटोची दोन भावंडं आली. हिवाळ्यात इथले सकाळचे सात म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. मुलं झोपायच्या कपड्यांतच बसतात.

काल मॉरिशसहून आवाज आला. आधी श्वास, मग सावकाश: ‘बाई, आता वेळ झाली.’

बाईंनी तो चारदा ऐकला आणि हजेरीच्या जुन्या वहीत तिचं नाव लिहिलं.