माईआजीचा वसा

माईआजीसाठी आज इथे जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

आजी गेली माघ वद्य षष्ठीला. तिच्या देवघराशेजारच्या कालनिर्णयात त्या तारखेचा चौकोन कोरा आहे. त्याच्या आजूबाजूचे बहुतेक चौकोन भरलेले आहेत. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळेभोवती लाल गोल, एकादशीपुढे बरोबरची खूण, महाशिवरात्रीखाली ‘बेल - सकाळी लवकर सांगणे’. ती शिवरात्र यंदा सुतकात गेली. बेल सांगायला कोणी गेलं नाही आणि घरात फराळाचंही काही झालं नाही. वाईच्या या घरात 1957 साली आजी सून म्हणून आली, त्यानंतर असं क्वचितच झालं असेल.

आजी सगळे उपास करायची, सगळे सण करायची, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते ती कसं करायची, ते थोडं सांगायचं आहे.

तिची एक लाल कापडी बांधणीची लांब वही आहे. वाण्याकडे असते तशी हिशेबाची. तिच्यात एकही स्तोत्र नाही, आहेत ती मापं. ‘गौरी, दुसरा दिवस: हरभऱ्याची डाळ 1 किलो, गूळ 1 किलो, जायफळ 1, वेलदोडे 10. पोळ्या 40. कट 4 वाट्या, मीठ दीड चमचा, चिंच लिंबाएवढी.’ घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला मिठाचं माप लिहून कशाला ठेवावं लागतं? कारण नैवेद्य दाखवण्याआधी ती काहीही चाखत नसे. चाळीस पोळ्या, आमटी, सोळा भाज्या, चटण्या, कोशिंबिरी, सगळं जिभेला न लावता करायचं आणि ते बिघडूनही चालायचं नाही. मग डोळा, हात आणि माप एवढंच उरतं. पुरण शिजलं हे ती चवीवरून ओळखत नव्हती. पातेल्यात मधोमध उलथनं उभं करायची. ते कलंडलं तर अजून ओल आहे, सरळ उभं राहिलं तर उतरवायचं. ओल राहिली की लाटताना पोळी फाटते, आणि आपण दोष देतो कणकेला. हे वाक्य वहीत जसंच्या तसं आहे, खाली दोन रेघा मारून.

तिची भक्ती अशी होती. तिचं डोळे मिटून बसणं फार थोडा वेळ चाले. बाकी वेळ हात चालू असत, आणि त्या हातांत चालढकल नव्हती.

नवरात्रातला अखंड दिवा घ्या. नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा म्हणजे तेल घालत राहायचं, असं आपल्याला वाटतं. तेल संपून दिवा सहसा विझत नाही. तो विझतो काजळी काढताना. वातीच्या टोकाला काजळी धरते, ज्योत बारीक होते, आणि ती झाडायला गेलं की चिमट्याच्या धक्क्यानं वात तेलात बुडते. म्हणून आजी आधी त्या ज्योतीवरून शेजारचं निरांजन लावून घ्यायची, मग चिमट्यानं काजळी काढायची. मोठा दिवा गेलाच तर त्याच ज्योतीवरून पुन्हा लागतो, ज्योत तुटत नाही. हे काम ती पहाटे पाचला, दुपारी आणि रात्री निजण्यापूर्वी करायची, त्याशिवाय रात्री दोनला एकदा उठायची. घड्याळाचा गजर लावलेला कोणी ऐकला नाही.

घटाचंही तसंच. काळी माती चाळून घ्यायची, गहू रात्रभर भिजवून पेरायचे, आणि पाणी हातानं शिंपडायचं, तांब्यानं ओतायचं नाही. पाणी जास्त झालं की तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि धान कुजतं. रोजची माळ कारळ्याच्या पिवळ्या फुलांची. झेंडूची माळ शेवटच्या दिवसांत. कारळा तोपर्यंत शेतात विरळ व्हायचा, इतकं साधं कारण.

श्रावणात तर घराचं पंचांगच तिच्या हातात असे. सोमवारी शिवामूठ: पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जव, आणि पाचवा सोमवार आला तर सातू. नागपंचमीला घरात चिरणं, कापणं, तळणं बंद, म्हणून पुरणाचे दिंड उकडायचे. शुक्रवारी जिवतीची पूजा, आणि जिवतीची कहाणी मोठ्यानं. श्रावणातल्या कहाण्या वाचताना ती मध्येच थांबायची ती एकाच ठिकाणी, ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’. इथे आवाज खाली यायचा. पुढे भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातलं अळू, लाल माठ, पडवळ, भोपळा, मक्याची कणसं, चिंच, आणि सोबत वरीचा भात. या भाजीला ती वर्षातली सगळ्यांत चांगली भाजी म्हणायची, आणि खरं सांगायचं तर ती होतीही.

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे, पण ते सांगितल्याशिवाय आजी पुरी होत नाही.

2009 साली आजोबा गेले. पुढच्या चैत्रात आजीला हळदीकुंकवाचं एकही बोलावणं आलं नाही. बावन्न वर्षं ज्या घरांमध्ये ती गेली होती, त्यांतलं एकही नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, रीत तशी होती. आजीनं त्यावर एक शब्द काढला नाही. चैत्र शुद्ध तृतीयेला तिनं नेहमीप्रमाणे गौर झोपाळ्यात बसवली, अंगणात चैत्रांगण काढलं, आणि आळीतल्या प्रत्येक बाईला स्वतः जाऊन बोलावलं. ज्यांना कोणी बोलावत नव्हतं त्यांच्या घरी आधी गेली. नवरा गेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, लग्न न झालेल्या, सगळ्या. दारात प्रत्येकीपुढे कुंकवाचा करंडा धरायचा, लावायचं की नाही हे जिनं तिनं ठरवायचं. मग मोगऱ्याचा गजरा, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, आंब्याची डाळ आणि पन्हं. पहिल्या वर्षी अकरा जणी आल्या. मागच्या चैत्रात वहीत आकडा आहे 74. हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला तो 2022 साली. ती बातमी वाचून दाखवली तेव्हा आजी एवढंच म्हणाली, ‘बरं झालं. आता गावोगाव डाळ वाटा.’

वटपौर्णिमाही तिनं सोडली नाही. सूत गुंडाळत नव्हती, पण कळशी घेऊन वडाशी जायची. ‘वडाला पाणी घालायला नवरा असावा लागत नाही,’ म्हणायची. बाजारात विकायला येणाऱ्या वडाच्या फांद्यांचा मात्र तिला मनापासून राग होता. ज्याचं आयुष्य मागायचं त्याच्याच नावानं झाड तोडायचं, हे तिला कधी पटलं नाही.

2014 मध्ये तिला मधुमेह निघाला. घरात सगळ्यांना वाटलं, आता उपास बंद. एका संकष्टीला चंद्र उशिरा होता, सकाळची गोळी घेतलेली, पोटात फक्त चहा. रात्री साडेआठला तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर खाली गेली होती. गोळी आपलं काम करत होती आणि पोटात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि प्रत्येक उपासाचं वेळापत्रक त्यांच्याकडून लिहून आणलं. साबुदाणा गेला, कारण पोटात गेला की त्याची लगेच साखर होते. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. एकादशीला थोडी भगर. संकष्टीला दुपारी फराळ, सहा वाजता वाटीभर दही, मग चंद्र दिसल्यावर जेवण. निर्जळी एकही नाही. ‘औषधाला उपास नसतो’ हे वाक्य त्या पानावर तिच्या अक्षरात आहे. इथे कोणी मधुमेह असून उपास करत असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून असं पान करून घ्या. आजीनं ते नक्की सांगितलं असतं. 6 जानेवारीची अंगारकी तिनं याच पानाप्रमाणे केली. ती तिची शेवटची अंगारकी.

तिनं स्वतः सगळं केलं, पण सुनांवर, नातसुनांवर, मुलींवर एकही व्रत लादलं नाही. विचारलं तर मापासकट सांगायची, न विचारणाऱ्याला जेवायला वाढायची. उपासाच्या दिवशीही चुलीवर दोन स्वयंपाक होत, एक उपासाचा, एक बाकीच्यांचा, आणि दुसरा कधीच पहिल्यापेक्षा उणा नसे.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे. त्याची तयारी तिनं मनात धरली होती. वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर जावयांसाठी तेहतीस-तेहतीस अनारशांचा हिशेब आहे: तांदूळ तीन दिवस भिजवणे, पाणी रोज बदलणे, ओलसर असतानाच दळणे, चाळून वजनाइतका गूळ, पीठ आठ दिवस मुरवणे. खाली टीप, ‘तुपात हसला तर गूळ जास्त झाला, थोडी तांदळाची पिठी मळावी. घाबरू नये.’

घरात मृत्यू झाला की वर्षभर सण करत नाहीत. अनारसे यंदा होणार नाहीत, गौरीची पुरणपोळी होणार नाही. पण त्याच पानाच्या समासात पेन्सिलीनं एक ओळ आहे. अक्षर हललेलं आहे, म्हणजे अलीकडचीच. ‘माझ्या वर्षात गोडधोड करू नका. चैत्रातली डाळ थांबवू नका.’

म्हणून 21 मार्चला, शनिवारी, चैत्र शुद्ध तृतीयेला संध्याकाळी पाच वाजता आमच्या अंगणात या. आरास नसेल, पक्वान्न नसेल. दोन किलो हरभऱ्याची डाळ त्या दिवशी सकाळी भिजेल, आदल्या रात्री नाही, कारण उन्हाळ्यात ती आंबते. भरडच वाटायची, गंध केली की चिकटते. कैरी आणि मीठ शेवटच्या तासात, नाहीतर पाणी सुटतं. दारात कुंकवाचा करंडा असेल. कोणीही भेटवस्तू आणू नये. ज्यांना कोणी बोलावत नाही अशी बाई तुमच्या ओळखीत असेल, तर तिला बरोबर घेऊन या.